पहिल्या ईमेलमध्ये व्हिडिओची किंवा व्हॉइस नोटची लिंक कधी द्यावी आणि तिच्याबद्दल काय लिहावं?

प्रश्न: आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, हायड्रॉलिक फिक्श्चर बनवतो. नवीन कंपन्यांना ईमेल पाठवताना कामाच्या व्हिडिओची किंवा व्हॉइस नोटची लिंक जोडली तर फायदा होतो का? जोडली तर ईमेलमध्ये तिच्याबद्दल नेमकं काय लिहायचं? आतापर्यंत "सोबत आमच्या कामाचा व्हिडिओ पाहावा" एवढंच लिहीत आलो, कुणी पाहतं असं वाटत नाही.

उत्तर:

समोरच्या माणसाच्या मनात एखादी शंका असते आणि ती शब्दांनी मिटत नाही, हलताना बघितल्यावरच मिटते. अशी शंका असेल तर व्हिडिओ द्या. नसेल तर देऊ नका. फिक्श्चरच्या धंद्यात मी बरीच वर्षं ॲप्लिकेशन आणि विक्री दोन्ही बघितली आहे, आणि लिंक द्यायची की नाही हे मी याच एका कसोटीवर ठरवतो. वर्कशॉपची सफर, मशिनांची रांग, मागे संगीत, शेवटी लोगो, असा व्हिडिओ कुठल्याच शंकेचं उत्तर देत नाही. प्रॉडक्शन इंजिनिअरिंगच्या माणसाला तुमच्याकडे किती मशिनं आहेत हे जाणून घ्यायचं असेल तर त्याला एक ओळ पुरते.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ. समजा, एका कंपनीत पातळ भिंतीचं ॲल्युमिनियम हाउसिंग व्हीएमसीवर होतं. ऑपरेटर चार बोल्ट पान्याने आवळतो, त्यात लोडिंग-अनलोडिंग मिळून ९५ सेकंद जातात. तुमच्या हायड्रॉलिक स्विंग क्लॅम्पच्या फिक्श्चरवर तेच काम २० सेकंदांत होतं. मशिनिंगला ४ मिनिटं धरली तर एका जॉबचा पूर्ण वेळ ३३५ सेकंदांवरून २६० वर येतो, आणि साडेसात तासांच्या शिफ्टमध्ये ८० जॉब निघायचे तिथे १०३ निघतात. ही सगळी माहिती लिहूनच द्यायची. ती व्हिडिओत घातली तर वाया जाते, कारण हे आकडे त्या माणसाला आपल्या साहेबांच्या किंवा परचेसच्या मेलमध्ये कॉपी करायचे असतात आणि व्हिडिओतून काही कॉपी करता येत नाही.

पण हे आकडे वाचल्यावर अनुभवी माणसाच्या मनात पहिला प्रश्न वेगळाच येतो. हायड्रॉलिक क्लॅम्पने पातळ भिंत दाबली जाईल. दाबलेल्या अवस्थेत बोअर गोल होईल, क्लॅम्प सुटला की भिंत परत जागेवर येईल आणि बोअर ओव्हल होईल. हे त्याने भोगलेलं असतं. "आमच्या फिक्श्चरमध्ये डिस्टॉर्शन येत नाही" असं तुम्ही कितीही ठळक लिहिलं तरी तो मान हलवून पुढे जातो, कारण प्रत्येक सप्लायर हेच लिहितो. इथे व्हिडिओ कामाला येतो.

या शंकेसाठी व्हिडिओ कसा असावा ते नीट सांगतो, कारण तो चुकला तर ईमेलमध्ये कितीही चांगलं लिहून उपयोग नाही. जॉब रेस्ट पॅडवर ठेवायचा, क्लॅम्प उघडे. भिंतीला एक मायक्रॉन लीस्ट काउंटचा डायल लावून सुई शून्यावर आणायची. फोन स्टँडवर, डायलपासून साधारण फूटभर अंतरावर. फ्रेममध्ये डायल आणि त्याच्या जवळचा एक क्लॅम्प दिसला की पुरे, चारही दिसायची गरज नाही. चारही दाखवायला फोन मागे नेला की सुई वाचता येत नाही आणि व्हिडिओचा अर्थच जातो. डायलच्या काचेवर ट्यूबलाइटची चकाकी येते, म्हणून फोन किंचित तिरका ठेवा. मग क्लॅम्प बसवा, सुई कुठे थांबते ते तीन-चार सेकंद स्थिर दिसू द्या. आता रेकॉर्डिंग न थांबवता फोन स्टँडवरून उचलून प्रेशर गेजवर न्या, ४० बार दाखवा, पुन्हा डायलवर आणा आणि क्लॅम्प सोडा. सुई शून्यावर परत येताना दिसली पाहिजे. हे सगळं चाळीस सेकंदांत होतं.

मधे एकही कट नको. क्लॅम्प बसण्याचा एक तुकडा आणि डायलचा दुसरा तुकडा जोडला की बघणाऱ्याला लगेच वाटतं, दुसऱ्या तुकड्यात प्रेशर कमी केलं असेल. या एका कारणासाठी मी कॅमेऱ्याचा हात हलला तरी चालवून घेतो, पण एडिटिंग चालवून घेत नाही. "क्लॅम्प ऑन", "४० बार" अशा दोन-तीन पट्ट्या वर टाकल्या तर हरकत नाही. बोलू नका. ऑफिसमध्ये बसलेला माणूस फोन म्यूटवर ठेवूनच बघतो.

आणखी एक गोष्ट शूटिंगच्या आधी बघून घ्या: फ्रेममध्ये कुणाचा जॉब आहे? दुसऱ्या ग्राहकाचं कास्टिंग, त्यावरचा पार्ट नंबर, मागच्या ट्रॉलीवरचं रूट कार्ड, भिंतीवर चिकटवलेलं ड्रॉइंग, यातलं काही दिसलं तर दोन नुकसानं होतात. त्या ग्राहकाशी गुप्ततेचा करार असेल तर तो मोडतो. आणि नवीन ग्राहक मनात म्हणतो, उद्या माझाही जॉब हे असाच दुसऱ्याला दाखवतील. साध्या बिलेटमधून त्याच भिंतीच्या जाडीचा एक डमी जॉब बनवून घ्या आणि व्हिडिओ त्याच्यावर काढा. डमी आहे हे ईमेलमध्ये सांगा, जाडीसकट.

आता ईमेलमधल्या शब्दांकडे येऊ. "आमच्या कामाचा व्हिडिओ पाहावा" या वाक्यात वाचणाऱ्याला ठरवता येईल असं काहीच नाही. किती वेळ जाईल? आवाज लागेल का? नेमकं काय बघायचं? आणि न बघताही त्यातून काय निघतं? शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. लिंक उघडणारे थोडेच असतात, पण तिच्या आसपासचं वाक्य सगळे वाचतात. म्हणून व्हिडिओत काय निष्पन्न झालं ते वाक्यातच सांगून टाका. अनेकांना वाटतं की उत्सुकता ताणून ठेवली तर क्लिक होईल. इंजिनिअरच्या बाबतीत उलट घडतं. "सुई ६ मायक्रॉन हलते" असं वाचलं की तो स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायला लिंक उघडतो. "निकाल पाहून आश्चर्य वाटेल" असं वाचलं की जाहिरात समजून मेल बंद करतो.

फोनवर एकदा बोलणं झालेल्या माणसाला मी असा मेल लिहीन:

> विषय: ॲल्युमिनियम हाउसिंगचं क्लॅम्पिंग – बोअर ओव्हॅलिटीबाबत
>
> नमस्कार सर,
>
> मागच्या आठवड्यात फोनवर आपण हाउसिंगच्या लोडिंगला ९५ सेकंद लागतात असं म्हणाला होतात. हायड्रॉलिक स्विंग क्लॅम्पवर ते २० सेकंदांत होईल असा आमचा अंदाज आहे. मशिनिंगची ४ मिनिटं तशीच धरली तर साडेसात तासांच्या शिफ्टला ८० ऐवजी साधारण १०३ जॉब निघतील.
>
> पातळ भिंत दाबली जाऊन बोअर ओव्हल होईल का, अशी शंका आपण काढली होती. ६ मिमी भिंतीच्या डमी जॉबवर आम्ही ते तपासलं. ४० बारला क्लॅम्प बसल्यावर भिंतीवरचा डायल ६ मायक्रॉन हलतो आणि क्लॅम्प सुटल्यावर शून्यावर येतो. आपल्या ६० मिमी एच७ बोअरला ३० मायक्रॉन टॉलरन्स आहे.
>
> हे सलग चित्रित केलं आहे, मधे कट नाही. ४० सेकंद, आवाजाची गरज नाही. १२व्या सेकंदाला क्लॅम्प बसतात तेव्हा सुई बघावी, ३३व्या सेकंदाला ती परत येते:
> `https://www.example.com/housing-clamp`
>
> लिंक आपल्याकडे उघडत नसेल तर सुईचे दोन्ही फोटो सोबत जोडले आहेत.
>
> जॉबचं ड्रॉइंग पाठवलंत तर क्लॅम्प कुठे बसतील त्याचा लेआउट आणि अंदाजे किंमत चार दिवसांत देतो.

मेल इंग्रजीत जाणार असेल तरी क्रम हाच ठेवा. या मेलमधली लिंकची ओळ आणि पत्ता पुसून टाकून परत वाचून बघा. मेल तरी पूर्ण वाटतो, निर्णय घेण्यापुरती माहिती तरी त्यात राहते. मी प्रत्येक मेल पाठवण्याआधी हे करतो. लिंक काढल्यावर मेल लंगडा पडत असेल तर मजकूर अजून लिहून झालेला नाही असं समजा.

लिंकची जागाही बघा. ती शंकेच्या परिच्छेदाला लागून आहे, सहीच्या खाली नाही. आणि ती एकटी आहे. तुमच्या सहीत वेबसाइट, कॅटलॉग, फेसबुक, लिंक्डइन, गूगल मॅप असं सगळं असेल तर अशा मेलपुरतं काढून टाका. विषयाच्या ओळीत "व्हिडिओ" हा शब्द मी घालत नाही. तिथे त्याच्या जॉबचं नाव आणि त्याची अडचण हवी.

हा मेल ओळखीच्या माणसाला होता. अगदी अनोळखी माणसाला पहिल्याच मेलमध्ये लिंक द्यावी का? माझं मत आहे, देऊ नये. मोठ्या कंपन्यांमधून कर्मचाऱ्यांना वारंवार बजावलेलं असतं की अनोळखी पत्त्यावरून आलेली लिंक उघडू नका, आणि ते बरोबरच आहे. तिथे तुम्ही वरचे पहिले दोन परिच्छेद फोनचा उल्लेख वगळून लिहा, म्हणजे "असे जॉब हाताने आवळताना साधारण दीड मिनिट जातं" असं सुरू करा आणि शेवटी एवढंच म्हणा: "डायल लावून घेतलेला ४० सेकंदांचा सलग व्हिडिओ आहे. हवा असल्यास नुसतं 'पाठवा' असं कळवावं." ज्याला खरोखर ही अडचण आहे तो एका शब्दाचं उत्तर देतो. त्यानंतर तुमचा पत्ता त्याच्या मेलबॉक्सला ओळखीचा होतो आणि पुढचा मेल लिंकसकट नीट पोचण्याची शक्यता वाढते. बेंगळुरूच्या आयएमटेक्ससारख्या प्रदर्शनात भेट झालेली असेल, किंवा कुणी नाव सुचवलं असेल, तर मात्र पहिल्या मेलमध्ये लिंक चालते. ती ओळख पहिल्या ओळीत सांगा.

लिंक कुठली द्यायची यावर बराच गोंधळ दिसतो. यूट्यूबवर टाकायचा असेल तर `Unlisted` ठेवा. `Private` ठेवला तर तुम्ही ज्याला परवानगी दिली नाही त्याला तो दिसतच नाही. यूट्यूबची अडचण अशी की पुष्कळ प्लांटच्या नेटवर्कवर ते बंद असतं, शिवाय व्हिडिओ संपल्यावर दुसऱ्याच कुणाचे, कधी तुमच्या स्पर्धकाचे, व्हिडिओ समोर येतात. ड्राइव्हची लिंक देताना परवानगी `Anyone with the link` आहे ना ते बघा. तिथे `Restricted` राहिलं तर ग्राहकाला परवानगी मागायचं पान दिसतं. त्याने विनंती पाठवली तरच तुम्हाला कळतं, पण बहुतेक जण पान बंद करून मोकळे होतात. ड्राइव्हवर अपलोड केल्या केल्या व्हिडिओ ब्राउझरमध्ये लगेच चालतोच असं नाही, त्याची प्रक्रिया व्हायला वेळ जातो, म्हणून आदल्या दिवशीच चढवा. आणि फाइलचं नाव बदला. लिंक उघडल्यावर वर `VID_20250614_113205` दिसणं आणि "हाउसिंग क्लॅम्पिंग, डायल चाचणी" दिसणं यात बराच फरक आहे.

मला सगळ्यांत बरं वाटतं ते स्वतःच्या वेबसाइटवर साधं एक पान करून त्यावर व्हिडिओ ठेवणं. मेल ज्या डोमेनवरून आला त्याच डोमेनची लिंक असली की माणसालाही भरवसा वाटतो आणि स्पॅम फिल्टरलाही खटकायचं एक कारण कमी होतं. लिंक लहान करणाऱ्या सेवा वापरू नका. त्या फसवणुकीसाठी इतक्या वापरल्या गेल्या आहेत की फिल्टर त्यांच्याकडे संशयानेच बघतात. पूर्ण पत्ता उघड दिसू द्या. एखाद्या शब्दामागे लिंक लपवली की बोट ठेवण्याआधी ती कुठे नेणार हे वाचणाऱ्याला कळत नाही. मेल पाठवण्याआधी ती लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघा, आणि एकदा वायफाय बंद करून मोबाइल डेटावर.

फाइलच जोडून का पाठवू नये, असंही लोक विचारतात. फोनवर फुल एचडीत काढलेला व्हिडिओ मिनिटाला सहज साठ-सत्तर एमबी होतो, काही फोनवर त्याच्या दुप्पट. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, आणि मेलमधून जाताना जोडलेली फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. व्हिडिओ दाबून दहा एमबीवर आणला तरी समोरच्या कंपनीची मर्यादा तेवढीच असेल तर मेल परत येतो, किंवा न कळवताच अडतो. म्हणून व्हिडिओची लिंक द्या आणि जोडायचे ते दोन फोटो: एकात सुई शून्यावर, दुसऱ्यात क्लॅम्प बसल्यावर. दोन्ही मिळून पाचशे केबीच्या आत. प्लांटमध्ये काहीच उघडत नसलं तरी हे दोन फोटो दिसतात, आणि परचेसकडे फॉरवर्ड होताना सोबत जातात.

व्हॉइस नोटबद्दल माझं मत बरंच कडक आहे. अनोळखी माणसाला व्हॉइस नोटची लिंक कधीच पाठवू नका. ती वरवर चाळता येत नाही, सहा महिन्यांनी मेलबॉक्समध्ये शोधून सापडत नाही, साहेबांना पुढे पाठवता येत नाही, आणि ऐकायला हेडफोन शोधावे लागतात. दीड मिनिट बोललेलं लिहून दिलं तर माणूस निम्म्या वेळात वाचतो.

तुमच्या कामात ती उपयोगी पडते ती ओळख झाल्यानंतर, आणि तीही ड्रॉइंगवरची गोष्ट समजावताना. ग्राहकाने विचारलं, "डेटम बदलायला का सांगताय?" याचं उत्तर लिहायला गेलं तर पानभर होतं आणि तरी सूर चढा वाटू शकतो. तेच तुम्ही त्याच्याशी मराठीत, ड्रॉइंग समोर ठेवून मिनिटभर बोललात तर त्याला कळतं की तुम्ही चूक काढत नाही, जॉब वाचवायला बघताय. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीमालकांशी असं बोलणं मेलपेक्षा खूप लवकर पोचतं. पण तिथेही मेलमध्ये दोन ओळी लिहाच: "डेटम 'ए' कास्ट फेसऐवजी मशिन्ड फेसवर घ्यावा असं सुचवतो. कारण ७० सेकंदांत बोलून सांगितलं आहे, ऐकताना ड्रॉइंगची दुसरी शीट समोर ठेवावी." किंमत, तारीख, टॉलरन्स यांतलं काही फक्त आवाजात राहू देऊ नका. व्हॉट्सॲपवरची नोट बाहेर काढून पाठवत असाल तर ती ओपस प्रकारची फाइल असते आणि काही कॉम्प्युटरवर उघडत नाही. एमपीथ्री करून घ्या.

एका बाबतीत आवाज खरंच पुरावा वाटतो, तो म्हणजे चॅटर. जुन्या फिक्श्चरवर कटर किंचाळतो, नव्यावर शांत चालतो, मग दोन्ही रेकॉर्ड करून पाठवावं असं वाटणारच. इथे सावध राहा. फोनचा मायक्रोफोन मोठा आवाज आपोआप खाली आणतो आणि लहान आवाज वर उचलतो, त्यामुळे समोर उभं राहून जो फरक जाणवतो तो रेकॉर्डिंगमध्ये बराचसा पुसला जातो. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात आणि तुमचा दावा पोकळ ठरतो. त्यापेक्षा दोन्ही जॉबच्या पृष्ठभागाचे जवळून फोटो आणि सरफेस फिनिशचं 'आरए' रीडिंग लिहून द्या. चॅटरच्या लाटा फोटोत स्पष्ट दिसतात.

व्हिडिओ खरोखर पाहिला गेला का, हे व्ह्यूजच्या आकड्यावरून ठरवू नका. बऱ्याच कंपन्यांची सुरक्षा यंत्रणा मेलमधली प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून तपासते, त्यामुळे मेल पाठवून मिनिटही झालेलं नसताना दिसणारी क्लिक बहुतेक वेळा माणसाची नसते. उत्तर काय येतं ते बघा. "प्रेशर ४० वरून ५० केलं तर सुई कुठे जाईल?" असं कुणी विचारलं तर त्याने नीट बघितलं आहे. "डिस्टॉर्शनचं काय?" असं विचारलं तर त्याने ना व्हिडिओ बघितला ना वाक्य वाचलं, आणि ते वाक्य मेलमध्ये वर घ्यायला हवं. सगळ्यांकडून "कॅटलॉग पाठवा" एवढंच येत असेल तर तुम्ही ज्यांना लिहिताय त्यांना ही शंका मुळात नाहीच. त्यांच्यासाठी वेगळा व्हिडिओ लागेल, किंवा लागणारच नाही.

दहा-बारा दिवसांनी आठवण करून द्यायची झाली तर "व्हिडिओ पाहिलात का?" असं विचारू नका. त्याला नाही म्हणावं लागतं आणि मग तो उत्तरच टाळतो. त्यापेक्षा नवी माहिती द्या: "त्याच डमी जॉबवर ५० बारला पुन्हा डायल लावला, सुई ८ मायक्रॉनवर गेली आणि परत शून्यावर आली. व्हिडिओ त्याच पानावर, जुन्याच्या खाली ठेवला आहे." फिक्श्चरची मागणी अनेकदा कंपनीचं पुढचं बजेट मंजूर झाल्यावर निघते, तेव्हा तुमचा जुना मेल उघडला जातो. यूट्यूबवरचा व्हिडिओ त्याच लिंकवर बदलता येत नाही, नवा टाकला की लिंकही नवी होते. स्वतःच्या पानाचा पत्ता तोच राहतो, म्हणून ते पान आणि त्यावरचा पहिला व्हिडिओ निदान दोन वर्षं तरी हलवू नका.